आठच्या जेवणापासून बाराच्या केकपर्यंत

कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींचा वाढदिवस पुण्यात बहुधा आदल्या रात्रीच सुरू होतो. आठच्या सुमारास हॉटेलात जेवण, साडेदहानंतर कुणाच्या तरी फ्लॅटवर किंवा गच्चीवर जमणे, बाराच्या ठोक्याला केक आणि मग एक-दीडपर्यंत गाणी, नाच, फोटो. मधल्या वेळात घरी जाऊन कपडे बदलणे जमत नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींना तर इतक्या उशिरा परत जाताच येत नाही. त्या रीतसर परवानगी काढून मैत्रिणीकडेच मुक्काम करतात. त्यामुळे संध्याकाळी अंगावर चढवलेले कपडेच मध्यरात्र उलटेपर्यंत निभवावे लागतात.

असा पोशाख ठरवताना सगळा भरवसा आरशावर असतो. आरशात दिसते ते ताठ उभे, न हललेले, नुकतीच इस्त्री झालेले रूप, आणि तेही घरातल्या एकाच दिव्याखाली. पोशाख फसतो तो घराबाहेर पडल्यावर. दोन तास खुर्चीत बसून मांडीवर आडव्या सुरकुत्या पडतात, जेवण झाले की कमरेचा पट्टा रुततो, गच्चीवर दात वाजतात आणि अर्ध्या तासाने बंद खोलीत नाचताना तेच कपडे अंगाला चिकटतात. मोठे कानातले घातले आणि लिपस्टिक गडद केली की साधा पोशाख रात्रीचा होतो, असा सल्ला सर्रास मिळतो. तो खोटा नाही, पण ते या कामाचे सगळ्यात सोपे टोक आहे. अवघड भाग कापडात, शिलाईत आणि चपलेत आहे.

उदाहरणादाखल डिसेंबरमधली पुण्यातली एक रात्र घेता येईल. कर्वेनगरला हॉस्टेलवर राहणारी, तिसऱ्या वर्षात शिकणारी एक मुलगी साडेसातला मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून फर्ग्युसन रस्त्यावर जेवायला जाते. तिथून अकराच्या आत सगळे बाणेरला वाढदिवसाच्या मुलीच्या घरी पोहोचतात. या दिवसांत पुण्यात दुपारी तापमान तिशीच्या आसपास असते, पहाटे ते बारा-तेरा अंशांवर आणि एखाद्या रात्री दहाच्याही खाली येते. म्हणजे निघताना स्वेटर नकोसा वाटतो आणि मध्यरात्री तोच आठवतो. या मुलीसाठी एक पोशाख पक्का धरू: काळी सरळ काटाची पँट, गडद वांगी रंगाचा कोपरापर्यंत बाह्यांचा क्रेपचा टॉप, त्यावर अस्तर लावलेले खणाचे जाकीट आणि घोट्याला पट्टा असलेली ठोकळा टाचेची सँडल. यातली प्रत्येक गोष्ट का निवडली आणि तिच्या जागी दुसरे काही असते तर काय झाले असते, हे रात्रीच्या क्रमानेच पाहणे सोयीचे आहे.

पहिली परीक्षा स्कूटरवर होते. मागे बसणाऱ्या व्यक्तीचे पाय आणि कपड्यांचा घेर मागच्या चाकाच्या जवळ असतात. ओढणी, लांब शाल, घेरदार पलाझो किंवा कमरेला नुसता गुंडाळून बांधायचा स्कर्ट वाऱ्याने उडून चाकात किंवा साखळीत अडकू शकतो. ओढणी चाकात गुंतून गळ्याला फास बसल्याने झालेले अपघात आपल्याकडे नवे नाहीत. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला साडीगार्ड बसवण्याचा नियम याच कारणाने आला. म्हणून इथे पँट सरळ काटाची आणि घोट्याशी संपणारी घेतली. तिची लांबी शिंप्याकडे मोजताना त्या रात्री घालायची तीच सँडल पायात हवी, कारण टाच दोन इंचांची असेल तर अनवाणी मापलेली पँट चालताना आखूड दिसते, आणि उंच टाचेवर मापलेली पँट सपाट चपलेत जमिनीवर लोळते.

हेल्मेटमुळे दोन गोष्टी ठरून जातात. लांब झुमके हेल्मेट चढवताना त्याच्या अस्तरात आणि पट्ट्यात अडकतात. कानाची पाळी ओढली जाते ती वेगळीच. ते छोट्या डबीत घालून न्यावेत आणि हॉटेलच्या दारात चढवावेत. केस मोकळे सोडून वर हेल्मेट घातले तर डोक्यावरचे चप्प बसतात आणि खालचे वाऱ्याने गुंततात. मानेवर खाली घातलेली सैल वेणी किंवा अंबाडा हेल्मेटच्या खाली मावतो. कपाळाजवळचे केस पोहोचल्यावर बोटांनी उचलले की काम भागते.

हॉटेलात पोशाखाचा खरा कस लागतो तो बसण्यात. बसल्यावर कमरेचा आणि पोटाचा घेर वाढतो, जेवणानंतर आणखी थोडा. उभे राहून बरोबर बसलेला घट्ट पट्टा त्यामुळे जेवणाच्या मध्यावर टोचू लागतो. शिंप्याला सांगून पट्ट्याच्या फक्त मागच्या भागात इलॅस्टिक घालून घेतले तर पुढून पँट सपाट दिसते आणि बसताना मागे हवी तेवढी सैल होते. तयार पँट घेतली असेल तर आतल्या शिवणीत माया किती ठेवली आहे ते पाहावे. बऱ्याच स्वस्त तयार कपड्यांत ती इतकी बारीक असते की उसवून वाढवण्याची सोय राहत नाही, आणि जोरात वाकल्यावर टीप कापडासकट निसटते. दोन्ही अंगठे शिवणीच्या दोन बाजूंना ठेवून हलकेच ताणले की कळते: टिपेच्या दोन्ही बाजूंना धागे सरकून बारीक शिडी दिसू लागली, तर ते कापड नाचात टिकणार नाही.

सुरकुत्यांचा प्रश्न कापडाच्या जातीशी जोडलेला आहे. सुती आणि लिननच्या धाग्यात अंगाची ऊब आणि घामाचा ओलावा शिरला की त्याच्या आतले सूक्ष्म बंध सैल होतात, आणि कापड ज्या घडीत दाबले गेले असेल त्याच घडीत ते बंध पुन्हा जुळतात. खुर्चीवर दोन तास बसणे म्हणजे मांडीखाली आणि जांघेत केलेली मंद इस्त्रीच. लिननची पँट घालून जेवायला बसलेला माणूस उठतो तेव्हा पुढून सतार वाजवून आल्यासारखा आडव्या तारांनी भरलेला दिसतो. लिननचे चाहते याला त्या कापडाचा स्वभाव म्हणतात. दिवसा ते खपते, रात्रीच्या फोटोत खपत नाही. पॉलिएस्टर उलट वागते. तो धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही आणि एकदा उष्णतेने बसवलेला आकार सहसा सोडत नाही, त्यामुळे चुरगळत नाही. पण त्याच कारणाने घाम त्वचेवर तसाच राहतो. पँटसाठी म्हणून पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस यांचे मिश्र कापड घेतले, ज्यात थोडा ताणणारा धागाही आहे. कापड दुकानात शंभरच्या बुक्क्यावर मुठीत घट्ट पकडून तीस सेकंदांनी सोडावे. हात उघडल्यावर घड्या आपोआप विरत असतील तर ते बसण्याचे कापड आहे.

टॉपसाठी क्रेप का, हे त्याच्या धाग्यात आहे. क्रेप विणताना धाग्याला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त पीळ दिलेला असतो. विणून झाल्यावर तो पीळ उलगडू पाहतो आणि कापडाचा पृष्ठभाग बारीक दाणेदार होतो. अशा खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो, म्हणून लहानसहान चुण्या आणि पाण्याचे शिंतोडे उठून दिसत नाहीत. साटीनचे नेमके उलटे असते. त्याचे धागे पृष्ठभागावर लांब लांब मोकळे असतात, त्यामुळे प्रकाश आरशासारखा परततो आणि कापड झळाळते. त्याच झळाळीवर पाण्याचा एक थेंब पडला तरी कडेने वलय उमटते, आणि खरखरीत खुर्चीला किंवा अंगठीच्या टोकाला घासले की धागा ओढला जातो. साटीनचा टॉप आठ वाजता सगळ्यांत देखणा दिसतो आणि साडेअकराला सगळ्यांत थकलेला.

व्हिस्कोसचे क्रेप घेतले तर ते घाम शोषते, अंगाला गार लागते आणि छान लोंबते. अडचण एकच, पहिल्या धुण्यात ते चांगलेच आटते. शिवायला देण्याआधी कापड पाण्यात बुडवून, न पिळता सावलीत वाळवावे आणि मग शिंप्याकडे न्यावे. हे न केल्यामुळे वाढदिवसाला बेतशीर बसलेला टॉप पुढच्या लग्नाला बेंबीपर्यंत चढलेला असतो. मुंढा किंचित मोठा ठेवायलाही सांगावे. काखेत घट्ट बसलेल्या कपड्यात हात वर केला की सगळा टॉप वर ओढला जातो आणि घामाचा डाग थेट बाहेर येतो. मुंढ्यात बोटभर जागा असेल तर हवा खेळते.

एकाच तुकड्यातला जंपसूट या रात्रीसाठी हमखास सुचवला जातो. तो दिसतो चांगला, बसतानाही वर-खाली होत नाही. हॉटेलच्या स्वच्छतागृहात मात्र तो पूर्ण कमरेखाली उतरवावा लागतो, बाह्या ओल्या फरशीला लागतात आणि मागची चेन लावायला मैत्रीण बोलवावी लागते. सहा तासांच्या रात्रीत हे दोन-तीनदा होणार, हे धरून चालले तर वेगळा टॉप आणि वेगळी पँटच बरी.

जेवणात डाग पडतोच. पनीरच्या किंवा चिकनच्या रश्श्यात तेल आणि हळद एकत्र असतात, आणि त्यांचे वागणे वेगवेगळे आहे. वांगी, गडद हिरवा, काळा अशा रंगांवर हळद दिसत नाही, पण तेलाचा ठिपका ओलसर गोल म्हणून दिसतो. घाईने ओला रुमाल घासला की तो ठिपका हातभर पसरतो आणि क्रेपचे दाणे चपटे होऊन तिथे चकाकी येते. आधी चमच्याच्या कडेने वर साचलेले उचलावे, मग कोरडा कागदी रुमाल नुसता दाबून ठेवावा. मिळाली तर चिमूटभर टाल्कम पावडर टाकून दहा मिनिटांनी झटकावी. पावडर तेल ओढून घेते. हात धुण्याचा साबण मुळीच लावू नये. हळदीतला रंग क्षारयुक्त साबणाला लागताच लालसर होतो. कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो तेव्हा घरातल्या मोठ्या बायका घाबरत नाहीत, पण हॉटेलच्या आरशासमोर तो रक्तासारखा दिसतो आणि वाढदिवसाचा अर्धा तास खातो.

आता दिवे. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ही रात्र संपूर्ण कृत्रिम उजेडात जाते, आणि तो उजेड सारखा बदलत राहतो. घरातली पांढरी ट्यूब, हॉटेलातले पिवळे मंद दिवे, फ्लॅटवरच्या निळ्या-जांभळ्या एलईडी माळा आणि सगळ्यांवर मोबाइलचा फ्लॅश. कापडाचा रंग त्याच्यावर पडणाऱ्या उजेडातूनच निवडला जातो. पिवळ्या दिव्यात निळे आणि जांभळे फिके पडतात, लाल आणि मरून खुलतात. निळ्या माळेखाली लाल जवळजवळ काळा दिसतो. सगळ्यांत फसवणारा रंग काळा आहे. घरी ट्यूबखाली जुळलेली काळी पँट आणि दुसऱ्या दुकानातला काळा टॉप हॉटेलात शेजारी दिसतात तेव्हा एक तपकिरीकडे आणि दुसरा निळ्याकडे झुकलेला असतो, कारण दोघांचे रंगद्रव्य वेगळे आहे. म्हणून टॉप काळा घेण्यापेक्षा उघड वेगळा रंग घेतला, वांगी.

फ्लॅशची तपासणी घरीच करावी. अंधाऱ्या खोलीत मैत्रिणीला समोरून फ्लॅश मारून फोटो काढायला सांगावा. पातळ आणि फिक्या कापडातून अंतर्वस्त्र किंवा पँटचा खिसा लख्ख दिसतो, जो साध्या उजेडात दिसत नव्हता. टिकल्या आणि जरीच्या जाळीवर फ्लॅश परतून चेहरा काळवंडतो. त्यामुळे चकाकी चेहऱ्यापासून लांब, पर्सवर किंवा जाकिटाच्या काठावर ठेवणे शहाणपणाचे.

साडेदहाला हॉटेलबाहेर पडल्यावर जाकिटाची पाळी येते. स्कूटरवर थंडी हवेच्या वेगाने वाढते, कारण अंगाजवळची ऊबदार हवा वारा सतत खरवडून नेतो. अशा वेळी जाड पण सैल विणीचा स्वेटर कमी उपयोगी पडतो. वारा त्याच्या भोकांतून आत येतो. घट्ट विणीचे पातळ कापड आणि त्याला अस्तर हे दोन थर वारा अडवतात आणि मधे हवा धरून ठेवतात. खणाचे कापड इथे मुद्दाम घेतले. चोळीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला हा कपडा उत्तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागांवरून महाराष्ट्रात आला. विणीतच उमटलेल्या बारीक नक्षीमुळे तो साध्या पँट-टॉपला एकदम सणाचे रूप देतो. पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असल्याने जाकिटाची पाठ एका तुकड्यात बसेलच असे नाही. शिंपी मधे जोड देतो. तो मधोमध आणि नक्षी जुळवून द्यायला सांगावे, नाहीतर पाठीवर नक्षी पायरीसारखी सरकलेली दिसते. अस्तर काळ्या सुती किंवा व्हिस्कोसच्या कापडाचे हवे. स्वस्त पॉलिएस्टरचे अस्तर कोरड्या थंडीत विजेचा भार धरते, टॉपला चिकटते आणि काढताना केस उभे करते.

जाकीट कमरेपर्यंतच आखूड ठेवले आहे, म्हणजे ते स्कूटरच्या सीटखाली दबत नाही. पुढून ते उघडे किंवा हुकाने बंद, दोन्ही प्रकारे घालता येते. जेवताना बंद, गच्चीवर बंद, नाचात काढून खुर्चीच्या पाठीवर. संध्याकाळच्या आणि मध्यरात्रीच्या रूपातला फरक बहुतेक यानेच पडतो, आणि त्यासाठी अंगावरचे दुसरे काहीच बदलावे लागत नाही.

बाणेरची गच्ची खालच्या रस्त्यापेक्षा थंड असते. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमिनीची आणि स्लॅबची उष्णता थेट वर निघून जाते. उघड्या गच्चीवर उभ्या माणसाची उष्णताही तशीच जाते. शिवाय रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे, त्यामुळे गच्चीवर लोक नाचण्यापेक्षा उभेच राहतात, आणि उभे राहिले की गारठतात. नाचायचे तर सगळे खाली दिवाणखान्यात, खिडक्या लावून. दहा-बारा जण एका खोलीत नाचू लागले की पंधरा मिनिटांत उकडते. अशा चढउतारात एकच जाड कपडा निरुपयोगी ठरतो. पातळ टॉप आणि काढता येणारे जाकीट यांचा मेळ तिथे कामी येतो.

पायांसाठी टाच ठोकळ्याची आणि दोन इंचांच्या आतबाहेर. बारीक टाच फुटपाथच्या ब्लॉकच्या फटीत रुतते, आणि पुण्यातल्या जुन्या गच्च्यांवर असते त्या चिनी मातीच्या तुकड्यांच्या फरशीवर ती घसरते. घोट्याचा पट्टा नाचताना सँडल सुटू देत नाही. दिवसभर उभे राहून पाय संध्याकाळी थोडे सुजतात, म्हणून सँडल विकत घेताना दुपारी नव्हे, संध्याकाळी मापून घ्यावी. सकाळी नेमकी बसलेली अकरा वाजता करंगळीला चावते.

खास प्रसंगासाठी वर्ष-दोन वर्षे खोक्यात जपून ठेवलेली सँडल मात्र आधी तपासलीच पाहिजे. पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, न वापरताही. बाहेरून तो नवा दिसतो आणि नाचाच्या पहिल्या पाच मिनिटांत वडीच्या चुऱ्यासारखा फरशीवर सांडतो. तळ अंगठ्याने दाबला, मग दोन्ही हातांनी वाकवला की समजते. बारीक भेगा पडल्या, चिकट लागला किंवा हाताला पिठासारखे काही आले, तर तो जोड त्या रात्री घालू नये. चपलेला डिंक लावून हे सुधारत नाही, कारण डिंकाला धरायला खाली काही शाबूतच राहिलेले नसते.

बारा वाजता केक येतो, आणि त्यानंतरची दहा मिनिटे कपड्यांना सगळ्यांत धोक्याची असतात. केक तोंडाला फासण्याची प्रथा आता घराघरात पोहोचली आहे. त्याबरोबर फेसाचे डबेही उडवले जातात. या डब्यांत फेस बाहेर ढकलणारा वायू बहुधा ज्वलनशील असतो आणि समोर मेणबत्त्या पेटलेल्या असतात. मेणबत्तीच्या दिशेने फेस उडवल्यावर भडका उडून कपडे आणि केस पेटतात. यात कुठलेच रोजचे कापड सुरक्षित नाही. सुती आणि व्हिस्कोस झपाट्याने पेटतात. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतात, आणि ती जखम जास्त खोल असते. कापडापेक्षा इथे घेर महत्त्वाचा आहे. लोंबणारी बाही, मोकळी ओढणी, झालर मेणबत्तीवर जाते; कोपराशी संपणारी बाही जात नाही. तरीही मेणबत्त्या विझेपर्यंत डबा बाजूला ठेवायला सांगणे हा एकच खात्रीचा उपाय आहे, आणि तो सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

केकच्या आधी जाकीट काढून दुसऱ्या खोलीत टांगावे. खण धुवायला अवघड असतो, टॉप धुता येतो. बेकरीच्या केकवरची क्रीम सहसा वनस्पती चरबी, साखर आणि खाण्याचा रंग यांची असते. ती कपड्यावर पडली तर तिथेच चमच्याने उचलून थंड पाण्याने मागच्या बाजूने टिपावी, म्हणजे साखर आणि रंग विरघळतात. चरबीचा भाग घरी आल्यावर भांडी घासायच्या साबणाच्या थेंबाने जातो.

मुलांची रात्रही हीच, फक्त तिच्यातला एक प्रश्न जास्त टोकदार आहे: घाम. फिका निळा आणि करडा शर्ट ओला झाला की तिथे रंग एकदम गडद होतो, कारण ओल्या धाग्यातून प्रकाश कमी विखुरतो. पांढऱ्यावर आणि अगदी गडद निळ्या-काळ्यावर हा फरक फारसा दिसत नाही. आत पातळ सुती बनियन घातले तर बाहेरचा शर्ट उशिरा ओला होतो. गडद निळा शर्ट, काळसर करड्या रंगाची चिनो पँट आणि तिच्याशी जुळणारे बूट एवढ्याने त्यांचे भागते. शर्टाची खालची कड सरळ कापलेली असेल तर तो जेवताना खोचून आणि नाचताना बाहेर काढून, दोन्ही प्रकारे नीट दिसतो. कडेला गोलाई आणि पुढेमागे लांब शेपूट असलेला शर्ट खोचलेलाच बरा.

खाली-वर, खोचलेला-सुटा हा सगळा विचार आरशासमोर दहा मिनिटांत तपासता येतो, पण एकदा पूर्ण पोशाख चढवून. चपला, जाकीट, पर्स, सगळे घालून घरातल्या खुर्चीवर दहा मिनिटे बसावे. उठून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, जमिनीवरून काही उचलावे, दोन जिने चढून उतरावेत. टॉप कमरेवरून सरकला, पट्टा रुतला, ब्राची पट्टी बाहेर आली, पर्सची साखळी खणाच्या धाग्यात अडकली, हे सगळे या दहा मिनिटांत दिसते. आदल्या रात्री दिसले तर पिन किंवा चार टाके पुरतात. खरी पिन कपड्याच्या दोन्ही थरांतून आणि आतल्या शिवणीतच टोचावी. क्रेपच्या मोकळ्या अंगात टोचलेली पिन नाचात धागा ओढते आणि तिथे भोक राहते.

पर्समध्ये फार काही लागत नाही: चार सेफ्टी पिना, घोट्याला चिकटवायच्या दोन पट्ट्या, कागदी रुमाल, फोनची चार्जिंग वायर आणि झुमक्यांची डबी. पर्सचा पट्टा खांद्यावरून तिरका घालता येणारा हवा, म्हणजे स्कूटरवर दोन्ही हात मोकळे राहतात. पट्टा धातूच्या साखळीचा असेल तर तिचे कडे कापडावर घासत राहतात, म्हणून खणाच्या जाकिटावर कापडी किंवा चामडी पट्टाच घ्यावा.

दुसऱ्या दिवशी टॉप थंड पाण्यात हाताने धुवावा आणि हळदीचा उरलेला पिवळेपणा गेला नसेल तर ओला टॉप थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवावा. हळदीचा रंग सूर्यप्रकाशात विरतो. पण वांगी रंगही उन्हाने फिका होतो, त्यामुळे टॉप उलटा करून डागाचीच जागा उन्हात येईल असे पसरावे. पँट मशीनमध्ये उलटी करून धुतली तरी चालते. खणाचे जाकीट धुऊ नये, ते उलटे करून सावलीत दिवसभर टांगावे. काखेच्या जागी वास राहिला असेल तर तेवढ्याच अस्तरावर पाण्यात थोडा व्हिनेगर मिसळून ओला रुमाल टिपावा आणि वाळल्यावर ते कपाटात ठेवावे.